तळाचा पत्ता

सुनीती सिस्टरना हॉस्पिटलात दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे, शीर सापडत नाही म्हणून दोघांनी हात टेकलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा त्या एका टोचण्यात सलाईन लावायच्या. दुसरी म्हणजे पत्ते. तिसरी होती, पण ती कोणी तोंडावर बोलत नसे: जीभ. रात्री एखादा नातेवाईक काउंटरपाशी येऊन "सिस्टर, झोपलात का?" म्हणाला, की त्या मान वर न करता म्हणायच्या, "नाही हो, डोळे मिटून तुमचीच वाट बघत होते. बोला." नातेवाईक माघारी.

पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. टॅरोचे. अठ्ठ्याहत्तर. त्यांतले बावीस मोठे, म्हणजे आयुष्याला वळण लावणारे, आणि छप्पन्न छोटे, रोजच्या भानगडींचे. छोट्यांची चार घराणी: छड्या, पेले, तलवारी, नाणी. छड्या म्हणजे धडपड, पेले म्हणजे मन, तलवारी म्हणजे डोक्यातली कटकट आणि नाणी म्हणजे पोटापाण्याचं. हे सगळं सिस्टर कोथरूडच्या एका बाईंकडे रविवारी जाऊन शिकल्या. त्या बाई प्रत्येक वाक्यात "एनर्जी" म्हणायच्या. "डिअर, या पत्त्याची एनर्जी बघ ना, कशी येतेय ती!" सुनीतीबाईंनी एनर्जी कोथरूडलाच ठेवली आणि पत्ते तेवढे घरी आणले.

हॉस्पिटल कर्वे रस्त्याच्या बाजूला. सकाळी हॅन्डओव्हर झाला, दिवसपाळीच्या मुली वॉर्डात शिरल्या, की रात्रपाळीच्या बायका चेंजिंग रूममध्ये चहा घ्यायच्या. तिथे एक चाक मोडलेली स्टीलची ट्रॉली होती. सिस्टर तिच्यावर थिएटरमधलं जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं हिरवं कापड अंथरायच्या आणि पत्ते ठेवायच्या. मालन मावशी, म्हणजे वॉर्डातल्या आया, दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बघा बाई बघा. त्या चित्रांत काय हाय ते तुमाला दिसतं, मला आपला एक घोडा दिसतो नि एक बाई. आन् बाईच्या अंगावर कापड जरा कमीच हाय."

सिस्टरांचे नियम कडक होते. प्रश्न हो-नाहीचा नको. "लग्न होईल का?" विचारलं की त्या म्हणायच्या, "ते मंगल कार्यालयवाल्याला विचार. मला विचार, या लग्नाकडे मी कशी बघू?" बेडवरच्या पेशंटचं काय होणार, हे बघायचं नाही. गैरहजर माणसाच्या मनात काय आहे, हे बघायचं नाही. एकच प्रश्न मनासारखं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायचा नाही. आणि सगळ्यात वरचा नियम: ज्यात आपलं स्वतःचं काही अडकलंय, तिथे पत्त्यांना हात लावायचा नाही. "आपल्याला जे हवं तेच पत्त्यांत दिसायला लागतं," असं त्या नव्या मुलींना बजावायच्या. "आणि समोरच्याला वाटतं, पत्ते बोलले."

भाग्यश्री त्यांच्याच वॉर्डात, त्यांच्याच पाळीला होती. मूळची वर्ध्याकडची. कामात चटपटीत, पण बोलताना घाबरी. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, तरी गडबडीत तिचं वऱ्हाडी बाहेर पडायचंच. तिचा नवरा संतोष रांजणगावला कंपनीत. त्याच्या पाळ्या फिरत्या, पण बहुतेक रात्रीच्या. भाड्याची खोली हडपसरला. दोघंही रात्री बाहेर, म्हणून त्यांची मुलगी सोनू वर्ध्याला आजीजवळ, संतोषच्या आईकडे राहायची. साडेचार वर्षांची. रोज संध्याकाळी निघण्याआधी भाग्यश्री तिला व्हिडिओ कॉल करायची, आणि सोनू फोन घेऊन पळायची, म्हणून आईला पंखा, छत, नाही तर आजीचं नाक एवढंच दिसायचं.

त्या वर्षी हॉस्पिटलच्या ट्रस्टने हडपसरला छोटी शाखा काढली. तिथे दिवसपाळीची एक जागा होती आणि मेट्रननी ती भाग्यश्रीला विचारली. खोलीपासून चालत जाण्याएवढं अंतर. दिवसाची ड्यूटी म्हणजे सोनूला पुण्यात आणता येणार होतं आणि जूनमध्ये इथल्याच शाळेत घालता येणार होतं. पण रात्रपाळीचा भत्ता जाणार होता, सीनियॉरिटी पहिल्यापासून सुरू होणार होती, आणि नव्या शाखेचं बस्तान बसेल का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं.

सुनीतीबाईंची रात्रपाळी इतकी जुनी होती की वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीत लहान मुलांना वाटायचं, या काकू उलट्या राहतात. बेडरूमच्या काचांना काळा कागद. दुपारी डोळा लागला की वरच्या मजल्यावर मिक्सर. यजमान दिगंबरराव बँकेतून रिटायर झालेले. ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्याकडे दोनदा सकाळ होते. एक माझी, एक हिची. हिची जरा चिडकी असते." अलीकडे मात्र ते विनोद करेनासे झाले होते. सुट्टीच्या रात्रीसुद्धा बाई छताकडे बघत पडून राहायच्या. रक्तदाब वाढलेला, गुडघा सुजलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रात्रपाळी थांबवा.

त्या मेट्रनकडे गेल्या. मेट्रननी चष्मा काढून पुसला. वाईट बातमीआधी त्या नेहमी चष्मा पुसत.

"सुनीतीताई, मला नाइटला एक सीनियर हवीच. भाग्यश्री इथे राहिली तर ती नाइट इन्चार्ज होईल आणि तुम्हाला मी पहिल्या तारखेपासून ओपीडीत बसवते. खुर्ची, टोकन, बास. पण ती हडपसरला गेली, तर मी तुम्हाला नाही सोडू शकत. अजून किती दिवस ते विचारू नका."

"आणि तिचं कधी कळेल?"

"शुक्रवारी. तिला यातलं बोलू नका हं. उगाच दडपण येईल पोरीवर."

"छे. मी कशाला बोलू?" सुनीतीबाई म्हणाल्या. आणि खरंच बोलल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी चहा अर्धा ठेवून भाग्यश्री त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ताई, माझं पाहून द्या ना. मी रात्रभर तेच विचार करून राहिली. संतोष म्हणते, तू ठरव. सासू म्हणते, पोरगी इथं सुखात आहे, काहून नेता. मले तर काही सुधरतच नाही."

"आज नको गं. डोकं जड आहे."

"उद्या सांगायचं आहे नं ताई!"

इथे एक वाक्य बोलायचं होतं. 'यात माझंही अडकलंय, मी बघणार नाही.' एवढंच. शेजारच्या बाकावर संस्कृती नावाची नवी सिस्टर बसली होती. तिच्या बहिणीच्या घटस्फोटाचं बघायला सुनीतीबाईंनी गेल्याच महिन्यात नकार दिला होता, कारण ती बहीण त्यांच्याच इमारतीत राहायची. आत्ता मात्र त्यांनी पर्स उघडली, डबी काढली आणि हिरवं कापड अंथरलं.

"प्रश्न नीट कर."

"हडपसरले जाऊ का?"

"हो-नाहीचा नको."

भाग्यश्रीने ओठ चावले. "इथं राहिली तर काय, न् गेली तर काय."

"हं. आता पिस. तोच विचार मनात ठेव, आणि पुरे वाटलं की थांब."

भाग्यश्री पत्ते पिसू लागली. हाताला सवय नव्हती, पत्ते जाडजूड. दोन खाली पडले. सिस्टरनी ते उचलून गठ्ठ्यात घातले. मग भाग्यश्रीने डाव्या हाताने गठ्ठा तीन ठिकाणी तोडला आणि उलट्या क्रमाने पुन्हा एकावर एक रचला. सिस्टरनी गठ्ठा घेतला, कडा जुळवायला ट्रॉलीवर उभा आपटला, आणि तो आडवा करताना तळाचा पत्ता त्यांना दिसला. मुद्दाम पाहिलं नव्हतं. गठ्ठा जुळवणाऱ्याला तो कित्येकदा दिसतोच. म्हणून तर कोथरूडच्या बाई सांगायच्या, दिसला तरी विसरायचा.

"मधला पत्ता म्हणजे आत्ताची तू. डावीकडचे तीन राहण्याचे. उजवीकडचे तीन जाण्याचे. प्रत्येक ओळीत वरचा सुरुवातीचा, मधला वाटेतला, खालचा शेवटाकडचा. आणि दोन्हींत तोलून काही निघालं नाही, तर तळाचा पत्ता काढायचा. तो सल्ला." आधी सांगायचं, मग उघडायचं, हाही एक नियमच होता. तो त्यांनी पाळला.

मधला उघडला. दोन तलवारी. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीवर आडव्या धरलेल्या दोन तलवारी, मागे समुद्र.

"अगंबाई," संस्कृती म्हणाली. "ही तर सेम तूच."

"अडकलीयस," सिस्टर म्हणाल्या. "बघायचंच नाहीये तुला. हात भरून आलेत, पण तलवार खाली ठेवत नाहीस."

भाग्यश्रीने हळूच मान हलवली.

डावीकडे पहिला: नाण्यांचा चौथा. एक माणूस नाणं पोटाशी कवटाळून बसलेला, एक डोक्यावर, दोन पायांखाली. "हातातलं सुटणार नाही. पण हलताही येणार नाही." दुसरा: नाण्यांचा आठवा. बाकावर बसून ठाकठोक करणारा कारागीर. "काम येईल, मान येईल. वरची जागासुद्धा." तिसरा: पेल्यांचा चौथा. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण. ढगातून एक हात पेला पुढे करतोय आणि याचं लक्षच नाही. "सगळं असून मन लागणार नाही."

उजवीकडे पहिला मोठा पत्ता निघाला, मूर्ख. कड्याच्या टोकावर वर बघत निघालेला पोरगा, खांद्यावर गाठोडं, पायाशी कुत्रं.

"हा आमचा संतोष," भाग्यश्री म्हणाली. सगळ्या हसल्या. ती नाही.

"नवी सुरुवात. खाली काय आहे ते न बघता टाकलेलं पाऊल." दुसरा: नाण्यांचा पाचवा. बर्फात लंगडत चाललेली दोन माणसं, वर उजेडाची खिडकी. "ओढाताण होईल. पण खिडकी आहे बरं का, बघितली तर." तिसरा: भाग्यचक्र, तेही मोठ्यांतलं. "हे फिरतं. वरही नेतं, खालीही. माझ्याच्याने याच्यापुढे बोलवत नाही."

इथवर सिस्टरनी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. बरोबरी झाली होती. कोणालाही दिसत होती.

"मंग आता तळाचा," भाग्यश्री म्हणाली. तिचे दोन्ही हात ट्रॉलीच्या कडेला घट्ट होते.

तळाचा पत्ता म्हणजे तलवारींचा सहावा. एक होडी. होडीत पुढे सहा तलवारी रोवलेल्या, मागे नावाडी, आणि मध्ये पाठमोरी बसलेली एक बाई नि तिला चिकटून एक मूल. अलीकडचं पाणी खळबळलेलं, पलीकडचं शांत. सुलटा आला तर अर्थ एकच: जड मनाने का होईना, निघा, पलीकडे बरं आहे. आणि गठ्ठ्यात तो सुलटाच होता. सिस्टरनी पाहिला होता.

पत्ता उघडायची एक रीत असते. वहीचं पान उलटतो तसा बाजूने उलटायचा. मग चित्राचं डोकं जिथे होतं तिथेच राहतं. तोच पत्ता खालच्या कडेला धरून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानासारखा वर फिरवला, तर सुलटा पत्ता उलटा होऊन पडतो. आणि उलट्याचा अर्थ वेगळा.

सुनीतीबाईंनी आधीचे सातही बाजूने उलटले होते. आठवा त्यांनी खालून वर फिरवला.

होडी डोक्यावर पडली. बाई आणि मूल खाली लोंबकळत होती.

"अय्यो," मालन मावशी दारातून म्हणाल्या. "बुडाली की."

"उलटा आलाय," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "प्रवास अडलाय. निघालीस तरी मागचं ओझं बरोबर येईल. आत्ता पाण्यात उतरायची वेळ नाही, असं म्हणतोय."

उलट्या सहाव्याचा अर्थ अगदी हाच आहे. कुठल्याही पुस्तकात बघा. खोटा शब्द एकही नव्हता, मनगट तेवढं खोटं होतं.

"आत्ता नाही, म्हणजे नंतर?" भाग्यश्रीने विचारलं.

"नंतरचं नंतर."

तिने पदराने नाही, मास्कने डोळे पुसले. मग वाकून सिस्टरांच्या पायाला हात लावायला गेली. "बरं झालं ताई. माह्या डोक्यावरचं ओझंच उतरलं." सिस्टर पाय मागे घेत म्हणाल्या, "पुरे, पुरे. गुडघा दुखतोय माझा."

शुक्रवारी भाग्यश्रीने नाही म्हणून कळवलं. हडपसरची जागा दुसऱ्याच विभागातल्या नम्रताला मिळाली. पहिल्या तारखेला सुनीतीबाई ओपीडीत बसल्या. खुर्ची, टोकन, बास. बेडरूमच्या काचांवरचा काळा कागद दिगंबररावांनी स्वतः ओलं फडकं घेऊन खरवडून काढला आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "आता एकच सकाळ. काटकसर."

पत्त्यांना मात्र सिस्टरनी त्यानंतर हात लावला नाही. डबी पर्समध्ये नुसती वाजायची. महिन्याभराने त्यांनी ती भाग्यश्रीला देऊन टाकली. "तू इन्चार्ज झालीस. आता मुली तुझ्याकडे येतील. शिकून घे." देण्यात मोठेपणा होता, आणि सुटकाही. भाग्यश्रीला इतका आनंद झाला की तिने मंडईतून अंजिरं आणून दिली.

ती शिकली. कोथरूडच्या बाईंकडे जायला वेळ नव्हता, म्हणून फोनवर व्हिडिओ बघून. रोज दुपारी, झोप येईना तेव्हा, हडपसरच्या खोलीत सतरंजीवर पत्ते मांडून. बहुतेक व्हिडिओ अर्थ सांगत होते. एकाने सुरुवातीलाच हात दाखवला: पत्ता असा उघडा, असा नाही, असा उघडलात तर तुमचा सुलटा उलटा होईल.

भाग्यश्रीने तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग गठ्ठ्यातून होडी शोधून काढली. सतरंजीवर सुलटी पालथी घातली आणि बाजूने उलटली. पुन्हा पालथी घालून खालून वर उलटली. 'बुडाली की' तिला ऐकू आलं.

दुसऱ्या सकाळी पाळी संपल्यावर ती ओपीडीत आली. रांग होती. सुनीतीबाईंनी काचेआडून विचारलं, "काय गं, घरी नाही गेलीस?"

"ताई, पत्ता कसा उघडाचा? बाजूनं, का खालून?"

सिस्टरांचा हात टोकनांवर थांबला. "बाजूने."

"दर खेपेस?"

"हो."

"मंग माह्या वेळी?"

"आता काय मला तुझा एक एक पत्ता आठवणार आहे का? पंधरा नंबर कोण आहे? या पुढे."

पंधरा नंबरचे आजोबा पुढे आले. भाग्यश्री हलली नाही. आजोबांनी तिला वळसा घालून कागद आत सरकवला.

"ओपीडीचं तुम्हाले आधी माहीत होतं," ती म्हणाली. "मेट्रन मॅडम काल बोलून गेल्या. सहज. म्हणे, तू राहिली म्हणून सुनीतीताईंची सोय झाली."

सिस्टरनी आजोबांच्या कागदावर शिक्का मारला. वाकडा पडला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ भाग्यश्री, शिकलेली मुलगी तू. पत्त्यांवर कोणी एवढं अवलंबून राहतं का? चित्रं असतात ती. ठरवलंस तूच."

"हो," भाग्यश्री म्हणाली. "मीच ठरवलं. सोनूचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. काल फोनवर सासूले आई म्हणून हाक मारत होती. मले म्हणते, भाग्यश्री, फोन ठेव."

"मुलं म्हणतात गं काहीबाही."

"तुम्ही मले सांगतलं असतं नं ताई, का मले झोप येत नाही, तू राहून जाय, तर मी राहली असती का नाही, मले नाही माहीत. पन मी संतोषशी भांडली असती, रडली असती, काही केलं असतं. मले तुम्ही भांडूबी नाही देलं."

"सिस्टर, बीपी कुठे बघतात?" आजोबांनी विचारलं.

"सरळ जाऊन डावीकडे."

मेट्रन जिन्यावरून खाली येत होत्या. "काय भाग्यश्री? काही काम होतं का?"

सुनीतीबाईंनी टोकनं उगाच पुन्हा जुळवली. भाग्यश्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मेट्रनकडे.

"नाही मॅडम. हडपसरची एखादी जागा आहे का पुढं, ते विचारायचं होतं."

"आता कुठली? तिथे आहेत तेवढ्यांनाच ठेवतील की नाही, ते बघताहेत. आणि तू गेलीस तर माझी नाइट कोण सांभाळणार? जा, झोप जा. रात्री यायचंय ना?"

"हो मॅडम."

ती गेली. सुनीतीबाईंनी सोळा नंबर पुकारला, मग सतरा. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी वारज्याच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. रात्री साडेनवाला दिवा मालवताना त्यांना वाटलं, आज काही डोळा लागत नाही. तेवढी तरी शिक्षा व्हावी, असं मनात कुठेतरी होतं. उशी उलटी केली, कूस बदलली, आणि भाग्यश्रीचा चेहरा नीट आठवायच्या आत झोप लागली.

सकाळी दिगंबररावांनी चहाचा कप पुढे केला.

"काल काय घोरलीस गं," ते कौतुकाने म्हणाले. "अगदी निर्धास्त."